त्यांच्या घड्याळातले नऊ

तिला घरात भिंगरी म्हणत, आणि ते नाव तिनं कष्टानं कमावलं होतं. लहानपणी ती जेवताना ताटाभोवती फिरायची. मोठी झाल्यावर फोनवर बोलताना खोलीभर फिरायची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आल्यावर तिला घरी बसून करायची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा तिच्या दादानं पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हता. "घरी बसून? बसून? तू?"

कंपनी समुद्रापलीकडची होती. वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कोणी कुठलं पुस्तक नेलं, कोणी परत आणलं, कोणी वर्षभर उशाशी ठेवून घेतलं, ही सगळी नोंद ठेवायची. भिंगरीच्या वाट्याला त्यातला एकच पडदा, म्हणजे एक स्क्रीन, आला होता. मुदत उलटून गेलेली पुस्तकं त्यावर दिसली पाहिजेत, ग्रंथपालाला कळतील अशा क्रमानं. काम छोटं होतं. पण महिनाअखेरीला इंटर्नशिप संपणार होती, आणि हा पडदा बघून कंपनीच्या प्रमुख बाई ठरवणार होत्या की मुलीला नोकरीवर घ्यायचं की शुभेच्छा देऊन मोकळं करायचं. इकडे दादानं आपल्या कुरियरच्या ऑफिसात तिच्यासाठी एक खुर्ची अडवून ठेवली होती. पावत्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम. तो रोज आठवण करायचा, "खुर्ची गरम राहिली पाहिजे, नाहीतर साहेब त्यांच्या मेव्हण्याला बसवतील."

तिचं ऑफिस म्हणजे मागची खोली. इस्त्रीचं टेबल, त्यावर लॅपटॉप, शेजारी कपड्यांचं कपाट, आणि भिंतीवर दोन घड्याळं. एक घरचं. दुसरं तिनं पहिल्या आठवड्यात बाजारातून आणलं, सेल घातला आणि हातानं काटे फिरवून तिकडची वेळ लावली. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे नऊ. घरात त्या घड्याळाला फार मान होता. आई रुग्णालयातून ड्यूटी संपवून आली की आधी त्याच्याकडे बघायची आणि चपला काढताना म्हणायची, "उठले का गं तुझे लोक?" दादा त्याला 'साहेबांचं घड्याळ' म्हणायचा.

दिवसाची घडी अशी होती. भिंगरी दुपारी कामाला बसायची, संध्याकाळी साडेसातला रोजची मीटिंग. ती मीटिंग तिकडच्या एका दाढीवाल्या गृहस्थांनी कॅलेंडरवर लावून ठेवली होती. तिला काम शिकवायचं, अडलं तर सोडवायचं, ही जबाबदारी त्यांच्याकडे. गृहस्थ अतिशय सज्जन होते. अडचण एवढीच की भिंगरीला दुपारी दोनला अडायचं, तेव्हा ते गाढ झोपेत असायचे. ते दुपारचं जेवून ताजेतवाने होऊन उत्तर लिहायचे, तेव्हा ही झोपेत. दोघांमध्ये जागेपणाचा एक चिंचोळा पट्टा होता, आणि त्यात मीटिंग व्हायची.

मीटिंगमध्ये दाढीवाले विचारायचे, "सगळं ठीक?"

"हो, हो. चालू आहे," भिंगरी म्हणायची.

ठीक काहीच नसायचं. पण पाच-सहा चौकोनांतून अनोळखी चेहरे आपल्याकडे बघत असताना 'मला कळलं नाही' म्हणणं हे तिला भर लग्नात माइक हातात घेण्यासारखं वाटायचं. मग मीटिंग संपल्यावर ती दाढीवाल्यांना अदबीनं संदेश पाठवायची: नमस्कार, एक छोटी शंका आहे, विचारू का?

आणि लॅपटॉप मिटून जेवायला जायची.

त्यांचं उत्तर तिला सकाळी दिसायचं: अवश्य, विचार.

मग ती दुपारी शंका लिहायची. एखादं पुस्तक उशिरा आहे, पण त्यावर दुसऱ्या वाचकाचा नंबर लागलाय, तर ते यादीत वर घ्यायचं का? पलीकडून दुसऱ्या सकाळी उलट प्रश्न यायचा: नंबर म्हणजे वाचनालयात येऊन लावलेला की घरून? ती दुपारी उत्तर द्यायची. त्यावर पुन्हा एक रात्र. एवढ्याशा शंकेला बैलगाडीनं समुद्र ओलांडावा तसा एक आख्खा आठवडा लागला. या आठवड्यात भिंगरीनं पडद्याचा रंग चार वेळा बदलला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं आणि स्वस्थ बसणं हा तिचा विषय नव्हता. दाढीवाल्यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका पेटतो का, हे ती दर दहा मिनिटांनी बघायची. ते झोपलेले असायचे. ठिपका राखाडी असायचा. तरी बघायची.

रोज संध्याकाळी टीमच्या पानावर दिवसाचा अहवालही टाकावा लागे. तिचा अहवाल ठरलेला असायचा. एकदा आई पाठीमागे कपड्यांच्या घड्या घालत होती, तिनं मान वाकडी करून पडद्यावरचं वाचलं.

"'काम चालू आहे, प्रगती समाधानकारक'. हे तू लिहिलंस?"

"रोजच लिहिते."

"असं रात्रपाळीच्या सिस्टरला लिहून दिलं असतं ना मी, 'पेशंट आहे, समाधानकारक आहे', तर तिनं मला वॉर्डाच्या दारातून परत बोलावलं असतं. चप्पल घातलेली असली तरी."

"आई, हे वेगळं असतं."

"काय वेगळं? मी घरी गेले की ती मला उठवणार आहे का विचारायला? काय दिलं, काय द्यायचं राहिलं, ताप चढला तर काय करायचं, सगळं सांगून निघायचं. तुझे ते दाढीवाले म्हणजे रात्रपाळीच की."

"ते सकाळपाळी आहेत."

"त्यांच्या लेखी तू रात्रपाळी. झालं तर मग. ही तुझी घडी, नीट ठेव."

भिंगरीनं घडी कपाटात कोंबली. आईचं ऐकलं असं दिसू नये म्हणून दोन दिवस जुनाच अहवाल लिहिला. तिसऱ्या दिवशी नवा लिहिला. आज काय झालं ते आधी. मग कुठं अडलं, तो प्रश्न पूर्ण, चित्रासकट. 'विचारू का' बाद. मग मला स्वतःला काय योग्य वाटतं. आणि शेवटी एक ओळ: तुमच्याकडून उत्तर आलं नाही, तर उद्या दुपारी मी असं असं करून पुढे जाईन. परवानगी न मागता पुढे जाण्याची सूचना देणं तिला उद्धटपणाचं वाटत होतं. तिनं ओळ खोडली, लिहिली, खोडली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आली, लिहिली, आणि डोळे मिटून पाठवली.

सकाळी उत्तर आलं होतं. दोनच शब्द होते: तसंच कर.

तेव्हापासून काम पळू लागलं. ती कधी पडद्याची छोटी चित्रफीतही करून अहवालाला जोडायची, आपल्याच आवाजात समजावून, म्हणजे ते चहा पितापिता बघतील. दाढीवाल्यांनी एका मीटिंगमध्ये तिच्या अहवालाचं कौतुक केलं. ती त्यावरही "हो, हो, चालू आहे" म्हणाली.

मग दाढीवाल्यांनी तिला सांगितलं की प्रमुख बाईंना पडदा दाखवायची मीटिंग तूच ठरव, तूच बोलव, तूच चालव. "तेही शिकण्यातच आलं. पुढच्या सोमवारची घे. आपली रोजची नऊची मी त्या दिवशी रद्द करतो, तिच्या जागी ही घे. आणि एक लक्षात ठेव, बाई कॅलेंडर बघत नाहीत. त्यांची कागदाची डायरी आहे. त्यांना वेळ संदेशात लिहून पाठव, त्या डायरीत उतरवून घेतील."

भिंगरीनं दोन्ही केलं. कॅलेंडरवर आपल्या वेळेनुसार सोमवारी संध्याकाळी साडेसातला मीटिंग लावली, सगळ्यांना आमंत्रण गेलं. मग मान वर करून साहेबांच्या घड्याळाकडे बघितलं, मनातल्या मनात दोन्ही काटे जुळवले, आणि प्रमुख बाईंना लिहिलं: सोमवारी, तुमच्या सकाळी नऊ वाजता. बाईंचं उत्तर आलं: लिहून घेतलं.

हे सगळं बिनचूक होतं. ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी.

त्या देशात वर्षातून दोनदा घड्याळं सरकवतात. उन्हाळा जवळ आला की एका रविवारी सगळा देश काटे एक तास पुढे करतो आणि एक तास कमी झोपतो. हिवाळ्यात तो तास परत मिळतो. भिंगरीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि आठवणं ही दोन वेगळी खाती आहेत. तो रविवार तिच्या सोमवारच्या आदल्याच दिवशी आला. कॅलेंडरनं आपलं काम चोख केलं होतं. मंगळवारपासूनची रोजची मीटिंग त्यानं साडेसातवरून साडेसहावर आणून ठेवली होती. पण मंगळवारकडे बघायला आधी सोमवार पार पडायला हवा होता. भिंतीवरच्या साहेबांच्या घड्याळाला तर कोणी काही कळवलंच नव्हतं. ते आपलं हिवाळ्यातच टिकटिकत होतं.

सोमवारी घरात आणीबाणी होती. दादाला ताकीद दिली होती की संध्याकाळी नेटवर एकही सामना बघायचा नाही. आईनं ड्यूटी बदलून घेतली होती. भिंगरीनं दुपारी सराव म्हणून सगळं सादरीकरण एकदा म्हणून घेतलं आणि त्याची चित्रफीत करून ठेवली, आपण किती भराभर बोलतो ते कळावं म्हणून. ऐकलं आणि कळलं. मग ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली. खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. मध्येच लॅपटॉप उघडून पडदा बघायची, एक अक्षर बदलायची, पुन्हा पहिल्यासारखं करायची.

"अशानं तू चांगलं आहे ते बिघडवशील," आई म्हणाली. तिनं लॅपटॉप मिटला, फोन काढून घेतला आणि दोन्ही कपाटावर ठेवले. "साडेसातला दहा कमी असताना मिळेल. तोवर आडवी पड."

"झोप येईल का मला?"

"झोपायला कोण सांगतंय? आडवी पड."

भिंगरी आडवी पडली. पाय मात्र हलत होते. साहेबांच्या घड्याळात आठ वाजले तेव्हा तिला बरं वाटलं, अजून एक तास आहे. वास्तविक पलीकडे नऊ वाजत होते, प्रमुख बाईंनी डायरी उघडून लिंक उघडली होती, आणि रिकाम्या मीटिंगमध्ये त्या आपल्याच चेहऱ्यासमोर बसल्या होत्या.

अर्ध्या तासानं भिंगरीला राहवलं नाही. खुर्चीवर चढून तिनं कपाटावरचा फोन काढला. बाईंचे तीन संदेश होते. पहिला: मी आले आहे. दुसरा: आपण आजच भेटतोय ना? तिसरा: दहाला माझी दुसरी मीटिंग आहे आणि उद्यापासून मी सुट्टीवर आहे. बघू.

खुर्चीवरून उतरायचं ती विसरली.

"काय झालं गं?" आई दारात आली.

"त्या येऊन गेल्या."

"कोण?"

"बाई. अजून त्यांचे नऊ वाजायचेत आणि त्या येऊन गेल्या!"

दादा धावत आला. तिघांनी मिळून साहेबांच्या घड्याळाकडे बघितलं. घड्याळ साडेआठ दाखवत होतं, शांतपणे. दादानं फोनवर त्या शहराची वेळ काढली. साडेनऊ.

"हे मागे आहे," दादा म्हणाला. "सेल गेला वाटतं."

"सेल नाही गेला," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज फार सपाट झाला होता. "त्यांनी घड्याळं पुढे केली. काल. मला माहीत होतं. मला माहीत होतं रे हे."

तेवढ्यात दाढीवाले जागे झाले, म्हणजे त्यांचा ठिपका हिरवा झाला. तिनं विचारलं, तुमच्याकडे मीटिंग कितीची दिसतेय? दहाची, ते म्हणाले. मला वाटलं, तूच मुद्दाम तासभर पुढे घेतलीस. बाईंना तू काय लिहिलं होतंस? नऊ. त्यावर पलीकडून मग आलं: अरेरे. मला विचारायला हवं होतं.

"ऐक," दादा म्हणाला, "लिहून टाक, वीज गेली होती. सगळ्या शहराची. वादळ झालं."

"आणि संदेश कशावर लिहिते आहे मी? पाटीवर?"

"मग आजारी पड. आई नर्स आहे, सर्टिफिकेट घरचंच."

"मी तुला एक देईन," आई म्हणाली, "ते सर्टिफिकेट नसेल."

भिंगरी फिरू लागली होती. खिडकी, कपाट, खिडकी. कुरियरच्या ऑफिसातली खुर्ची तिला स्पष्ट दिसत होती, तिचं फाटलेलं रेक्झिनसुद्धा. क्षमेचा संदेश तिनं चालता चालता लिहायला घेतला. अत्यंत खेद वाटतो, पुन्हा असं होणार नाही, आपला अमूल्य वेळ, कृपया आणखी एक संधी मिळेल का? वाचून बघितला. म्हणजे पुन्हा 'विचारू का'च. बाई दहाला मीटिंगमध्ये जाणार, उद्या सुट्टीवर. हा संदेश वाचून त्या करणार काय? दुसरी वेळ सुचवणार, मग ही हो म्हणणार, तोवर त्या निघून गेलेल्या, आणि मग महिनाअखेर.

तिनं सगळं खोडलं आणि इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन बसली. हे दादानं नंतर बऱ्याच जणांना सांगितलं, की ती बसली.

तिनं रोजच्यासारखाच अहवाल लिहिला. काय झालं: तुमच्याकडची वेळ बदलणार हे मी धरलं नाही, त्यामुळे तुम्हाला नऊ आणि बाकीच्यांना दहा असं गेलं, चूक माझी. काय तयार आहे: सगळं सादरीकरण आज दुपारी बोलून ठेवलं आहे, चित्रफीत सोबत जोडली आहे, मी त्यात भराभर बोलते. कुठं तुमचा निर्णय हवा: नंबर लागलेली पुस्तकं यादीत वर घ्यायची की वेगळी दाखवायची, मी वर घेतली आहेत, कारण वाट बघणारा माणूस आधी. दहाला मी बाकीच्यांना दाखवेन, त्यांच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला लिहून ठेवेन. आणि शेवटची ओळ. तिच्यावर ती जरा थांबली. तुमच्याकडून उत्तर आलं नाही, तर उद्या दुपारी मी हा पडदा आहे तसाच पूर्ण समजून त्याची कागदपत्रं लिहायला घेईन.

"हे असं लिहितात चूक झाल्यावर?" दादानं खांद्यावरून वाचून विचारलं. "रडणं कुठाय यात?"

"रडायला वेळ लागतो," भिंगरी म्हणाली आणि पाठवलं.

साडेसातला मीटिंग झाली. दाढीवाले होते, दुसरे दोघे होते, बाईंचा चौकोन नव्हता. भिंगरीनं पडदा दाखवला. कोणी तरी विचारलं, "सगळं ठीक?" आणि ती म्हणाली, "नाही. एका जागी मला खात्री नाही, ते दाखवते." नंतर तिला आठवेना, हे आपण म्हणालो की मनातच म्हटलं.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "साहेबांना उद्या सांगतो, येईल म्हणून. खुर्ची चांगली आहे तशी." ती "चालेल" म्हणाली.

सकाळी उत्तर आलं होतं. बाईंनी प्रवासाची बॅग भरता भरता चित्रफीत बघितली होती. चार प्रश्न होते. तिसरा टोचणारा होता, चौथा त्याहून. नंबर लागलेली पुस्तकं वर घेणं बरोबर, पण ग्रंथपालाला त्याचं कारणही दिसलं पाहिजे. मग एक ओळ सोडून पुढे लिहिलं होतं: माझ्या शेजारच्या खोलीत बसणारी माणसं मला सांगत नाहीत, मी उत्तर दिलं नाही तर ती काय करणार आहेत ते. महिनाअखेरीनंतरही थांब, नोकरीची कागदपत्रं ऑफिस पाठवेल. आज सकाळी मी रिकाम्या मीटिंगमध्ये बसून होते, तेही विसरणार नाहीये. सुट्टीत असेन तरी बाकीचं बोलून घेऊ. गुरुवारी नऊला?

भिंगरीनं हे मोठ्यानं वाचलं. आईनं रुग्णालयाला जायची पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा वाचायला सांगितलं. दादानं साहेबांना फोन करून कळवलं की मेव्हण्याला बसवा. मग तो खुर्चीवर चढला आणि साहेबांच्या घड्याळाचा काटा एक तास पुढे ढकलू लागला.

"राहू दे ते," भिंगरी म्हणाली. "काढ भिंतीवरून."

"अगं, आता बरोबर लागलंय!"

"बाई सुट्टीवर कुठं गेल्यात, माहीत आहे तुला? तिकडे किती वाजलेत ते त्यात दिसतं?"

दादानं घड्याळाकडे बघितलं आणि काढलं. भिंतीवर त्याच्या जागी एक फिकट गोल राहिला.

भिंगरी टेबलाशी उभी होती. 'हो, चालेल' असं तिनं लिहिलं होतं, सवयीनं. ते पुसलं. त्या जागी दुसरं लिहिलं, खिडकीपर्यंत जाऊन आली, एकदा वाचलं आणि पाठवून दिलं: जरूर. पण कुठले नऊ? सकाळचे की रात्रीचे, आणि तुम्ही त्या दिवशी कुठल्या शहरात असाल? उत्तर आलं नाही, तर तुमच्या ऑफिसच्या शहरातले सकाळचे नऊ धरून मी थांबेन.